हिमोग्लोबिन १४, एमसीव्ही १०६ आणि बी-१२ची दहा इंजेक्शनं

दुपारी एका तरुण डॉक्टर मित्राने व्हॉट्सॲपवर सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा, फोटो टाकला. बाई ५२ वर्षांची, हिमोग्लोबिन १२.६, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, १०३. खाली लॅबच्या सॉफ्टवेअरने आपोआप छापलेली ओळ : ‘बी-१२ कमतरतेची शक्यता.’ आणि मित्राचा प्रश्न : ‘सर, इंजेक्शन सुरू करू ना?’

डोकं सणकलं. कारण मला लगेच मागच्या वर्षीचे चोपड्याकडचे ते भाऊ आठवले.

केळीवाले शेतकरी, वय ४६. हातात पिशवी, पिशवीत दोन रिपोर्ट आणि बी-१२च्या दहा इंजेक्शनांची रिकामी खोकी. हिमोग्लोबिन १४.१, म्हणजे रक्त अजिबात कमी नाही. एमसीव्ही १०६. वरची मर्यादा १००. दहा इंजेक्शनांनंतर, दोन महिन्यांनी, किती? १०५. औषध लागू पडत नाहीये, हे रिपोर्ट ओरडून सांगत होता. तरी सल्ला काय, तर अजून पाच घ्या!

अरे, रक्त कमी नाही आणि पेशी नुसत्या मोठ्या आहेत, तर आधी चार गोष्टी मनात आल्या पाहिजेत : दारू, लिव्हर, थायरॉइड आणि चालू असलेली औषधं. मी मान्य करतो, आपल्याकडे शाकाहारी खूप, बी-१२ खरोखर कमी असलेले पेशंट रोज दिसतात, आणि हिमोग्लोबिन उतरायच्या आधी एमसीव्ही वाढू शकतो, पायाला मुंग्याही येऊ शकतात. शंका असेल तर तपासा ना! पण इंजेक्शन टोचण्याआधी. एकदा टोचलं की रक्तातली पातळी आभाळाला लागते आणि तो आकडा कुठल्याच कामाचा राहत नाही. या भाऊंचं तेच झालं होतं. शिवाय लिव्हर खराब असेल तर रक्तातलं बी-१२ उगाच वाढलेलं दिसतं, म्हणजे तिथेही चकवा.

त्याही आधी एक साधं काम : आकडा खरा आहे का ते बघणं. मे महिन्यात ४४-४५ अंशांत सॅम्पल मोटरसायकलच्या डिकीतून जळगावला येतं, रात्रभर टेबलावर पडतं आणि दुसऱ्या दिवशी मशीनला लागतं. तोवर पेशी फुगलेल्या असतात. साखर खूप वाढलेली असेल तरी मशीनच्या द्रावणात पेशी पाणी ओढून फुगतात. आणि वाढलेल्या एमसीव्हीबरोबर एमसीएचसी, म्हणजे पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी, ३७-३८ अशी वाढलेली दिसत असेल तर पेशी एकमेकींना चिकटल्यात, मशीन दोन-तीन पेशींना एकच मोठी पेशी समजतंय. सॅम्पल ३७ अंशांना कोमट करून परत लावलं की आकडा जागेवर येतो. भाऊंचा एमसीएचसी ३३.७, सॅम्पल ताजं. म्हणजे आकडा खरा.

मग मायक्रोस्कोपखाली रक्ताची स्लाइड. फुकटात मिळणारं उत्तर आणि नेमकी तीच कोणी बघत नाही. बी-१२ किंवा फोलेट हे जीवनसत्त्व कमी असेल तर मोठ्या पेशी अंडाकृती असतात आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या दिसतात. भाऊंच्या स्लाइडवर पेशी मोठ्या, पण गोल गरगरीत, सगळ्या साधारण एकाच मापाच्या. म्हणूनच पेशींच्या मापातला फरक सांगणारा आरडीडब्ल्यू १३.४, नॉर्मल. मधूनच निशाणाच्या चकतीसारखी टार्गेट सेल. पांढऱ्या पेशी सरळ. प्लेटलेट १ लाख ३८ हजार, थोड्या कमी. स्लाइडने बोट दारू आणि लिव्हरकडे दाखवलं.

विचारलं, दारू घेता का? ‘नही डॉक्टरसाहेब, कधीमधी.’ हा प्रश्नच चुकीचा, चूक माझी. दुसऱ्यांदा विचारलं, क्वार्टर एकट्याला किती दिवस पुरते? मग म्हणाले, ‘एकच दिवस, पण जेवणाआधीच घेतो.’ १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. रोज. बारा वर्षं. हातभट्टीचं तर मोजमापच नाही.

लिव्हरच्या तपासणीत एसजीओटी ९२, एसजीपीटी ४१, जीजीटी २१०. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, हा दारूचा ठसा. दारू हाडातल्या मज्जेत तयार होणाऱ्या रक्तपेशींना थेट इजा करते, त्यासाठी फोलेट कमी असायलाच हवं असं नाही. लिव्हर बिघडलं की पेशीच्या आवरणावर कोलेस्टेरॉल चढतं आणि आवरण पसरतं, टार्गेट सेल त्यातूनच येते. दोन्ही कारणं बऱ्याचदा एकाच माणसात असतात.

थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ६.२, थोडा वाढलेला, आला आणि लगेच कोणी तरी थायरॉइडची गोळी सुचवली. थायरॉइडचं खरं हार्मोन, फ्री टी४, नॉर्मल होतं हो! थायरॉइडने पेशी मोठ्या होतात, पण ग्रंथी खरोखर मंदावलेली असते तेव्हा. इतक्याशा टीएसएचवर १०६चं खापर फोडता येत नाही. ती तपासणी तीन महिन्यांनी परत करायची, बस.

भाऊंवर मात्र राग धरता येत नाही. केळीवर करपा आला, भाव पडला, संध्याकाळी शेतातून आलं की तेवढंच. त्यांनी सोडायचं ठरवलं. एका दिवसात एकटं सोडू नका म्हटलं, रोजच्या दारूची सवय अशी तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन सुरू करून सोडली.

दीड महिन्यात जीजीटी २१० वरून ७० वर. एमसीव्ही? १०३. घरचे हिरमुसले. पण लाल पेशी १२० दिवस जगते. जुन्या मोठ्या पेशी जाईपर्यंत एमसीव्ही उतरणार कसा? चार महिन्यांनी ९५. तेव्हा निदान पक्कं झालं. तेव्हाही तो १०४ वर अडकला असता, तर पुढचं शोधावं लागलं असतं. वय जास्त, प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी घसरत चालल्या, एमसीव्ही ११५ पुढे गेला, तर मज्जेचा आजार डोक्यात ठेवून रक्तविकारतज्ज्ञाकडे.

आता मित्राची बाई. मी एवढंच विचारलं : औषधं कोणती चालू? उत्तर : ‘विचारलं नाही सर.’ म्हणजे बघा! सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलच्या पेशंटला हायड्रॉक्सियुरिया चालू असतं. त्यांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं ते वेगळं, पण त्यांचा एमसीव्ही वाढणं ही गोळ्या नीट घेतल्याची खूण असते, आजार नव्हे. फिटच्या फेनिटॉइनने वाढतो, एचआयव्हीच्या झिडोव्ह्यूडिनने वाढतो, ॲझाथायोप्रिननेही. मधुमेहाचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर तिथे मात्र खरंच बी-१२ मोजा.

संध्याकाळी सहाला त्याने गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवला. मेथोट्रेक्सेट, सांधेदुखीसाठी, दोन वर्षांपासून. सोबतची फोलिक ॲसिडची गोळी ‘ताकदीची आहे, नको’ म्हणून बाईंनी स्वतःच बंद केलेली. मी लिहिलं : मेथोट्रेक्सेट बंद करू नकोस, फोलिक परत सुरू कर, सीबीसी आणि लिव्हर लगेच बघ. आणि त्याआधी आत्ता फोन करून विचार, ती गोळी आठवड्यातून एकदाच घेतात ना? रोज घेतली तर मज्जा बसते, माणूस जातो.

आठ मिनिटांनी उत्तर आलं : ‘दर रविवारीच घेतात.’