'2B'मध्ये दिसतंय म्हणून बिलं टाकू नका

"GSTR-2Bमध्ये क्रेडिट दिसलं की झालं, आता खरेदीची बिलं सांभाळायची गरज नाही. रद्दीत टाका."

सातपूर-अंबडच्या व्यापारी ग्रुपवर फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे. 2B म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणारा तक्ता, आणि क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची आपल्या करातून मिळणारी वजावट. 2Bमध्ये नोंद असणं ही क्रेडिटची एक अट झाली. जीएसटी कायद्याच्या कलम 16मध्ये बिल हातात असणं आणि माल मिळालेला असणं याही अटी आहेत. क्रेडिट बरोबर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 155नुसार घेणाऱ्याचीच.

समजा, अंबडच्या वर्कशॉपने 1,00,000 रुपयांचं स्टील घेतलं आणि 18 टक्क्यांनी 18,000 रुपयांचं क्रेडिट वापरलं. चौकशीत अधिकारी बिल मागतात, माल खरंच आला का तेही विचारतात. कागद नसेल तर ते 18,000 व्याजासकट भरायची वेळ येऊ शकते. म्हणून बिलासोबत ट्रान्सपोर्टची पावती, ई-वे बिल आणि बँकेतून पैसे दिल्याची नोंद एकत्र लावा. थर्मल कागदावरच्या बिलाची शाई उडते, त्याची झेरॉक्स लगेच काढा.

किती वर्षं ठेवायचं? कलम 36नुसार वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने. 2023-24चं रिटर्न 31 डिसेंबर 2024पर्यंत होतं, म्हणजे ती बिलं 31 डिसेंबर 2030पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर ती संपल्यावर आणखी एक वर्ष, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा द्या.