ग्राहकाला कळू नये म्हणून

इमारतीच्या दुरुस्तीचं काम चालू आहे आणि सोसायटीच्या चेअरमनना बिलाची मेल पाठवायची आहे? मग सोपं लिहून स्वतःची किंमत घालवू नका. आमच्या ऑफिसातून कोथरूडच्या एका सोसायटीला गेलेला हा नमुना बघा: ‘आरए-२ जोडले आहे. पीएमसी सर्टिफिकेशननंतर रिटेन्शन वजा करून ईओडीपर्यंत रिलीज करावे.’ कोणी, किती, कधी, कशाचाच पत्ता लागत नाही. याला सराव लागतो.

चेअरमन म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षक. ‘आरए’पाशी ते अडले. पण अडलेला माणूस विचारतो, म्हणून असली अक्षरं तशी कुचकामीच. खरी करामत ‘पीएमसी’ची! आमच्या धंद्यात पीएमसी म्हणजे कामावर देखरेख ठेवणारा प्रकल्प सल्लागार. पुण्यात हयात गेलेल्या माणसासाठी पीएमसी म्हणजे महापालिका. आपल्याला कळलंय असं वाटलं की कोण कशाला विचारतो? (त्यातून पुणेकर.) सर बिल घेऊन थेट शिवाजीनगरला महापालिकेत गेले. तीन टेबलं झाल्यावर ‘हे आमच्याकडे नसतं’ असं कळलं, तोवर जेवणाची सुट्टी झाली होती.

कोणी ‘फोड करून लिहा’ म्हणालंच, तर खुशाल ‘आरए म्हणजे रनिंग अकाउंट’ लिहा आणि थांबा. अक्षरं वाढतात, अर्थ जागच्या जागी राहतो. या बिलात पहिल्या दिवसापासूनचं सगळं काम मोजतात आणि आधीच्या बिलांची रक्कम वजा करतात, हे मात्र बोलू नका. आमच्या बिलावर वर ठळक ९,००,००० होते. त्यातले ४,२०,००० आधीच्या बिलाचे, हे तळाशी बारीक अक्षरात. सोसायटीच्या बैठकीत ‘आता आणखी नऊ लाख?’ यावर दीड तास रंगला.

आमच्या साइटवरच्या नव्या मुलीने मात्र सगळा खेळ बिघडवला. तीच मेल पुन्हा पाठवण्याआधी तिने ती स्वतःच्या आईला वाचायला दिली आणि ‘यात तुला काय करायचंय?’ एवढंच विचारलं. आईला सांगता येईना. मग तिने लिहिलं:

‘सर, कंत्राटदाराचं दुसरं बिल जोडलं आहे. आजवरचं एकूण काम ९,००,००० रुपयांचं. आधीच्या बिलाचे ४,२०,००० वजा जाता या वेळचे ४,८०,०००. काम नंतर सदोष निघालं तर हाताशी असावेत म्हणून ५ टक्के, म्हणजे २४,००० रुपये, सोसायटीने स्वतःकडे राखून ठेवायचे. आपण नेमलेले देखरेख सल्लागार मंगळवारी बिल तपासून सही करतील. त्यानंतर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत ४,५६,००० रुपयांचा चेक द्यावा. कर बिलात वेगळे दाखवले आहेत.’

अशाने काय होतं? शुक्रवारी चेक आला. फोन एकही नाही, बैठक नाही, महापालिकेची फेरी नाही. आमच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि विचारलं, “यात ईओडी कुठे गेलं?”