खोल्या चार, पण हात किती?

प्रतिक्रिया: ताई, स्पाच्या प्लॅनवरचा लेख वाचला. चार खोल्या, दहा तास उघडं, म्हणजे दिवसाला चाळीस सेशन. अर्धे धरले तरी वीस. तुम्ही पहिल्या अख्ख्या महिन्यात सत्तर दाखवता! आम्ही मनीषनगरला सुरू करतोय, बारा हजारांची दहा सेशनवाली वीस पॅकेजं ओळखीतच विकली. तुमचे आकडे घेऊन गेलो तर बँक दारातूनच परत पाठवेल. आणि एप्रिल-मे फेब्रुवारीसारखेच? नागपूरचा उन्हाळा विसरलात का?

उत्तर: दादा, उन्हाळ्याचं तुमचं बरोबर, चूक माझी. तक्ता भरताना फेब्रुवारीचा आकडा तसाच पुढे ओढत नेला. पारा 45 च्या आसपास असताना भरदुपारी तेल लावून घ्यायला कोण बाहेर पडतं? एसीचं बिल मात्र येतंच.

चाळीस सेशनचं मात्र पटत नाही. मसाज खोली करत नाही, थेरपिस्ट करते. तासाभराच्या सेशननंतर ग्राहकाची अंघोळ, चादर-टॉवेल बदलणं, खोली आवरणं यात वीस मिनिटं जातात. शिवाय दिवसाला पाच सेशननंतर अंगठे आणि मनगटं बोलायला लागतात. सहाव्या ग्राहकाला ते कळतं, आणि तो पुन्हा येत नाही. माझ्या उदाहरणात तीन थेरपिस्ट आहेत, म्हणजे दिवसाला पंधरा आणि 26 दिवसांचे 390. त्याच्या वर आकडा लिहायचाच नाही. चौथी खोली एक ग्राहक आवरत असताना दुसऱ्याला बसवण्यासाठी. तुमच्या चाळीस सेशनना आठ थेरपिस्ट लागतील; त्यांचे पगार आणि बाहेरगावच्या असतील तर राहण्याची सोय खर्चात धरलीय का, ते एकदा बघा.

आता महिन्याला किती हवेत ते. सवलती जाऊन सेशनमागे सरासरी 1,500 रुपये हातात येतात असं धरू. त्यातला 5 टक्के जीएसटी काढला की उरतात सुमारे 1,430. तेल, धुलाई, डिस्पोजेबल आणि थेरपिस्टचा इन्सेंटिव्ह मिळून 280 गेले, राहिले 1,150. ग्राहक आला नाही तरी होणारा खर्च, म्हणजे भाडं, पगार, वीज, जाहिरात, थेरपिस्टची खोली, माझ्या तक्त्यात महिन्याला 2,16,800 आहे. भागाकार केला की 189 सेशन, म्हणजे दिवसाला सातच्या जरा वर. कर्जाचा हप्ता यात नाही.

भाड्याशी बरेच जण फसतात. 22 सप्टेंबर 2025 पासून या सेवांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, पण त्याबरोबर इनपुट क्रेडिट गेलं. त्यामुळे 60,000 भाड्यावर 18 टक्के लागले की ते 70,800 होतात, आणि वरचे 10,800 परत मिळत नाहीत. जुने प्रोजेक्ट रिपोर्ट कॉपी करणाऱ्यांच्या खर्चात ही रक्कम सापडतच नाही.

दुरुस्त केलेले महिने असे. सुरुवात ऑक्टोबरात: 70, मग 110, 150, जानेवारीत 180, फेब्रुवारी-मार्चला 200. एप्रिलला 170, मेमध्ये 150, जूनला परत 170, आणि या तीन महिन्यांत वीज दहा हजारांनी जास्त. पहिल्या तीन महिन्यांतच 2,70,900 चा खड्डा पडतो, मार्चपर्यंत तो थोडा बुजतो, आणि जूनअखेर पावणेचार लाखांच्या जवळ जातो. जुलैपासून 189 च्या वर राहिलात तरच तो भरायला सुरुवात होते. तेव्हा इंटिरिअरवर सगळी पुंजी घालू नका; हे पावणेचार लाख वेगळे ठेवा. बँकेलाही हाच तक्ता दाखवून हप्ते उशिरा सुरू करून मागा. तीन थेरपिस्टवर चाळीस सेशन लिहिलेला कागद पुढे केलात, तर पगाराच्या रकान्यावर पहिला प्रश्न येईल.

राहिली वीस पॅकेजं. गल्ल्यात 2,40,000 आले, पण ते अजून तुमचं उत्पन्न नाही. तुम्ही 200 सेशनचं देणं लागता. जीएसटी नोंदणी असेल तर सेवांच्या आगाऊ रकमेवरही कर त्याच वेळी, म्हणजे सुमारे 11,400 आधीच सरकारचे. एका ओळखीच्या बाईंनी हेच पैसे दोन महिन्यांच्या भाड्यात घातले. तिसऱ्या महिन्यात खोल्या भरलेल्या, गल्ला रिकामा, आणि रोख देणाऱ्या नव्या ग्राहकाला संध्याकाळची वेळच मिळेना. म्हणून तक्त्यात दोन ओळी ठेवा: जमा रक्कम, आणि वापरलेल्या सेशनचं उत्पन्न. पॅकेजचं प्रत्येक सेशन झालं की 1,200 पहिल्या ओळीतून दुसरीत. शिल्लक सेशन एका महिन्याच्या क्षमतेच्या चौथ्या हिश्शावर गेले, माझ्या उदाहरणात शंभराच्या जवळ, की मी नवं पॅकेज विकणं थांबवते. तुमचे उद्घाटनाआधीच दोनशे झालेत. त्यांना सोमवार ते गुरुवार दुपारच्या वेळा द्या, पण मार्चच्या आत. एप्रिल लागला की त्या दुपारी फुकट दिल्या तरी कोणी येत नाही.