बूच बासरीला, मग 'बंद नळी' क्लॅरिनेट कशी?

बासरी ही दोन्ही टोकांना उघडी नळी आणि क्लॅरिनेट एका टोकाला बंद, असं लेखात होतं. त्यावर एक वाचक लिहितात: "लेखात सरळ उलटं लिहिलंय. मी ऐरोलीत सात वर्षं बासरी वाजवतोय, तिचं एक टोक बुचाने बंद असतं. क्लॅरिनेटमध्ये मात्र फुंकलेली हवा आरपार जाते. मग बासरी 'उघडी' आणि क्लॅरिनेट 'बंद' कशी?"

बुचाचा मुद्दा बरोबर आहे, तो लेखात यायलाच हवा होता. पण बूच फुंकायच्या भोकाच्या अगदी शेजारी असतं, आणि ते भोक तर बाहेरच्या हवेला उघडं असतं, त्यामुळे तिथे हवेचा दाब फारसा वरखाली होऊच शकत नाही, आणि आवाजाच्या लाटेला तेवढंच कळतं. क्लॅरिनेटमध्ये तोंडाकडे रीड म्हणजे एक पातळ पट्टी असते, तिची फट जेमतेम एक मिलिमीटर. हवा तिच्यातून जाते हे खरं, पण लाटेसाठी ती जवळजवळ भिंतच, तिथे दाब सगळ्यात जास्त वरखाली होतो.

मी काल नौपाड्यातून साधा 25 मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप आणला, 30 सेंटीमीटर कापून घेतला. तळहात एका तोंडावर फट्‌कन मारून लगेच उचलला की एक सूर येतो, हात तसाच दाबून ठेवला की जवळजवळ एक सप्तक खालचा. दोन्ही तोंडं उघडी तर नळीत अर्धी लाट मावते, एक बंद तर फक्त पाव. आपल्याकडच्या उकाड्यात आवाजाचा वेग सेकंदाला 348 मीटर धरला तर 580 आणि 290 हर्ट्झ येतात. प्रत्यक्षात दोन्ही थोडे खाली, कारण लाट उघड्या तोंडाच्या जराशी बाहेर जाते, आणि दोन तोंडं उघडी असली की ही घट जास्त, म्हणून अंतर सप्तकाहून किंचित कमी भरतं.

आता वेस्टर्न फ्लूट आणि नेहमीची बी फ्लॅट क्लॅरिनेट घ्या. लांबी जवळपास सारखी, दोन फुटांच्या थोडी वर, पण फ्लूटचा सगळ्यात खालचा सूर साधारण 262 हर्ट्झ, क्लॅरिनेटचा 147.

तुम्ही बासरीवर सगळी बोटं तशीच ठेवून फुंक बदलता तेव्हा सा चा तार सा होतो, दुप्पट. बंद नळीत दुप्पट बसतच नाही, एका टोकाला दाबाचं वरखाली होणं शून्य आणि दुसऱ्याला जास्तीत जास्त लागतं ना, म्हणून थेट तिप्पट, म्हणजे सा वरून तार सप्तकातला प! मधले 18 सूर भरायलाच क्लॅरिनेटवर एवढ्या चाव्या लागतात, आणि अंगठ्याजवळची एक चावी बारीक भोक उघडून खालचा सूर मोडते, तेव्हा तो प उभा राहतो.

फक्त रीड आहे म्हणून असं होत नाही हं, नळी वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची पण लागते. सनईलाही रीडच (आपण पत्ती म्हणतो) पण नळी खाली रुंद होत जाते, म्हणून तीही सप्तकानेच उडी मारते.

ट्यूनर ॲप लावून एक बघा, बासरीत जोर वाढवला की सूर चढतो. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला जोर लावतो तेव्हा त्याचा किंचित उतरतो.