‘आर म्हणजेच गुंठा’ या प्रतिक्रियेला उत्तर

“गुंठा-एकरावरचा तुमचा लेख वाचला. साध्या गोष्टीचा उगाच बाऊ केलाय. आर म्हणजेच गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, वीस गुंठ्यांचा बिघा, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. आकडा मोबाइलवर टाकला की उत्तर हातात. आम्ही बार्शी तालुक्यात जमिनी घेतल्या, विकल्या, कधी घोटाळा झाला नाही. शेतकऱ्याला अडाणी समजू नका.”

नमस्कार. शेतकऱ्याला अडाणी मी कधीच समजलो नाही. क्षेत्राच्या आकड्यात फसलेली जी माणसं मी पाहिली, ती बहुतेक शिकलेली, बाहेरगावी नोकरी करणारी आणि मोबाइलवर भरवसा ठेवणारी होती. चाळीस गुंठ्यांचा एकर हे तुमचं बरोबरच आहे. आर आणि गुंठा यांच्याबद्दल तुम्ही म्हणता तेही अंदाजापुरतं चालतं. आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि ३३ फूट बाय ३३ फुटांचा गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. शंभर आराचं एक हेक्टर धरलं तर ते शंभर गुंठे भरत नाही, ९८.८४ भरतं. गुंठ्याला लाख रुपये दर असेल तर हेक्टरमागे सव्वा लाखाच्या आतबाहेर फरक पडतो. गप्पा मारताना तो सोडून द्यावा, खरेदीखताच्या वेळी सोडू नये.

पण माझी खरी काळजी आर-गुंठ्याची नाही, आकड्यातल्या टिंबाची आहे. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

मोहोळकडच्या एका व्यवहारात मध्यस्थानं घेणाऱ्याला निरोप पाठवला, “क्षेत्र २.२०, एकरी तीस लाख.” गावाकडच्या बोलण्यात २.२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे, सरळ अडीच एकर. घेणारा पुण्याचा. त्यानं मोबाइलवर २.२० गुणिले ३० केलं, उत्तर आलं ६६ लाख. त्याप्रमाणे पैशांची तजवीज केली आणि इसारही दिला. देणाऱ्याच्या डोक्यात अडीच एकराचे ७५ लाख होते. बैठकीत नऊ लाखांचा फरक निघाला, तेव्हा दोघांनाही वाटलं की समोरचा शब्द फिरवतोय. खोटं कुणीच बोलत नव्हतं. टिंबानंतरचे वीस एकाच्या लेखी गुंठे होते, दुसऱ्याच्या लेखी एकराचे शंभरांश. दशांशात वाचलं तर २.२० एकर म्हणजे फक्त दोन एकर आठ गुंठे. मोबाइलनं गुणाकार बिनचूक केला, पण टिंबाचा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

हे आधी ओळखता आलं असतं का? हो, सातबाऱ्यावरून. आपल्याकडे सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं येतं. त्या जमिनीचं क्षेत्र १.०१.१७ होतं, म्हणजे एक हेक्टर, एक आर, सतरा चौरस मीटर. सगळं मिळून १०,११७ चौरस मीटर. त्याला १०१.१७ नं भागलं की बरोबर शंभर गुंठे येतात, म्हणजे अडीच एकर. मध्यस्थाचं २.२० दशांशातलं असतं तर सातबाऱ्यावर ०.८९.०३ च्या आसपास दिसलं असतं. एवढा एक भागाकार इसाराआधी केला असता तर भांडण झालंच नसतं. सातबारा बघताना ‘आकार’ या रकान्यातला आकडा मात्र क्षेत्र समजून घेऊ नका. तो रुपये-पैशांतला सारा आहे, आणि तोही टिंब देऊनच लिहिलेला असतो.

आणखी एक सोपी खूण आहे. एकर-गुंठ्यांत लिहिलेल्या आकड्यात टिंबानंतर ३९ च्या वर काही येऊच शकत नाही, कारण चाळीस झाले की एकर पुरा होतो. कुणी २.६५ सांगितलं तर ते गुंठे नव्हेत, हे तिथंच कळतं. फसवतात ते ०१ पासून ३९ पर्यंतचे आकडे, कारण ते दोन्हीकडे बसतात. अशा वेळी माणसाकडून आकडा तोंडानं वदवून घ्यावा. “अडीच एकर ना?” असं विचारलं की तो हो म्हणतो किंवा दचकतो. जुने फेरफार आणि जुनी खरेदीखतं एकर-गुंठ्यांतली असतात. अक्कलकोटच्या पलीकडे कर्नाटकात जमीन बघायला गेलात तर तिथला पहाणी नावाचा जमिनीचा उतारा आजही एकर-गुंठ्यांतच असतो. इकडच्या १.२० आणि तिकडच्या १.२० मध्ये जवळपास दुपटीचा फरक आहे: इकडे एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकराला दीड गुंठा कमी, आणि तिकडे दीड एकर.

आता बिघा. तुमच्या भागात वीस गुंठ्यांचा बिघा धरत असतील तर मी वाद घालणार नाही. पण तो नियम म्हणून मांडू नका. आपल्या जुन्या मोजणीत वीस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा होता, आणि काठीची लांबीच जागोजागी वेगळी होती. आज सोलापुरात बिघा कानावर येतो तो मुख्यतः राजस्थान-गुजरातकडे नातं असलेल्या व्यापारी घरांतून. राजस्थानातला पक्का बिघा १६५ फूट बाय १६५ फूट, म्हणजे २५ गुंठे. कच्चा बिघा १३२ बाय १३२, म्हणजे १६ गुंठे. बंगालचा बिघा १४,४०० चौरस फुटांचा, जेमतेम सव्वातेरा गुंठे. त्यामुळे “गावाकडं चार बिघे विकले, त्या पैशात इथं किती येईल?” असं कुणी विचारलं तर ते चार बिघे अडीच एकर असतील किंवा एक एकर चोवीस गुंठे. तुमच्या हिशेबानं ते दोन एकर झाले असते, आणि दोन्हीकडून चुकले असते. बिघ्याचे गुंठे विचारू नयेत, एका बिघ्याची बाजू किती फूट ते विचारावं. ते सांगता आलं नाही तर कागदावरचे हेक्टर-आर मागवावेत आणि तोवर दर बोलू नये.

शहरालगतच्या गुंठेवारीत एक प्रश्न वेगळा विचारावा लागतो: तुमचा गुंठा १०८९ फुटांचा की सरळ हजार फुटांचा? आणि रस्ता त्यात धरलाय का? एका गुंठ्यामागे ८९ फूट म्हणजे एक खोली असते.

इसार पावतीत क्षेत्र कसं लिहावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. गट क्रमांकानंतर असं लिहा: “एकूण क्षेत्र १ हेक्टर ०१ आर १७ चौरस मीटर, म्हणजे २ एकर २० गुंठे, दर प्रति गुंठा पंचाहत्तर हजार, एकूण पंचाहत्तर लाख.” हेक्टर, एकर, गुंठा हे शब्द अक्षरी लिहा, टिंब नको. सातबाऱ्यावर पोटखराब वेगळा दाखवला असेल तर दर एकूण क्षेत्राला आहे की फक्त लागवडीयोग्य क्षेत्राला, तेही त्याच ओळीत टाका. आणि जागेवरची हद्द कागदाशी जुळत नाही असं वाटलं तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. रक्कम मग मोजणीत निघेल त्या क्षेत्रावर ठरेल, असं पावतीत आधीच लिहून दोघांच्या सह्या घ्या.