ऑफिसला पत्र दिलं: मॉनिटर जवळ पाहिजे आणि डोक्यावरची ट्यूब बंद पाहिजे

मला मॅक्युलाचा त्रास आहे, म्हणजे कडेचं दिसतंय पण ज्याच्याकडं बघावं तेच मधोमध पुसल्यासारखं होतंय, आणि चष्म्याचा नंबर वाढवून ते भरून येत नाही. बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत अकाउंट्सला आहे, दिवसभर चलन बघायचं आणि बिल स्क्रीनवर जुळवायचं. खानापूर, निपाणीकडनं बरेच जण विचारतात की साहेबांना पत्रात लिहायचं काय, म्हणून सविस्तर सांगतो.

"मला कमी दिसते, सहकार्य करावे" एवढंच लिहिलं तर साहेब काय देणार सांगा? मी काम लिहिलं. विंडोजचं मॅग्निफायर (Windows + प्लस) 200% ला नेलं की स्क्रीनचा चौथाच भाग एका वेळी दिसतो, पार्टीचं नाव डावीकडं निघून जातं आणि रक्कम उजवीकडं राहते, मग शेजारच्या ओळीचा आकडा वाचला जातो. म्हणून नुसतं सॉफ्टवेअर नको, मोठा मॉनिटर आणि त्याला पुढंमागं होणारा आर्म मागितला. 60 सेंटिमीटरवरची स्क्रीन 30 वर आणली की अक्षर डोळ्याला दुप्पट दिसतं आणि ओळीतलं काहीच कापलं जात नाही, झूम करायची गरजही कमी होते. चाळिशी उलटली असेल तर त्या अंतराचा वेगळा चष्मा डॉक्टरांकडनं करून घ्या, नाहीतर जवळ आणूनही धूसरच.

उजेडाचं लोक विसरतात बघा! कागदाला उजेड जास्त पाहिजे आणि स्क्रीनवर तोच उजेड नको, दोन्ही एकाच टेबलावर. मॉनिटर बंद करून आपल्या खुर्चीत बसा, काळ्या काचेत जी ट्यूब, जी खिडकी दिसते तीच दिवसभर अक्षरांवर बसलेली असते. माझ्या काचेत डोक्यावरची ट्यूब आणि पाठीमागची खिडकी होती. म्हणून लिहिलं: टेबल फिरवून खिडकी बाजूला यावी, ती एक ट्यूब बंद व्हावी आणि चलनासाठी मान वळणारा टेबल लॅम्प मिळावा, ज्याचा उजेड कागदावर पडेल, डोळ्यात नाही.

डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर नुसतं 6/60 असून एचआरला काय कळणार? बारीक अक्षर आणि चकाकी सहन होत नाही हे डॉक्टरांना शब्दात लिहायला सांगा. 2016 च्या दिव्यांग कायद्यातलं कलम 20 अशी सोय करून द्यायला सरकारी आस्थापनांना बांधतं, खाजगीला कलम 21 प्रमाणे समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि 20 किंवा जास्त कामगार असतील तर त्या धोरणात संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. मी पत्र त्या अधिकाऱ्याच्याच नावानं दिलं, पोच घेतली, आणि शेवटी लिहिलं की आधी महिनाभर ट्रायल घ्या आणि चुका कमी होतात का ते तुम्हीच तपासा.

टेबल फिरलं, ट्यूब काढली, लॅम्प आला. मॉनिटरचा आर्म परचेसमध्ये अडकलाय, त्यासाठी त्याच पत्राचा संदर्भ देऊन परत लिहिलंय.