मुदत अर्धी केली की काम अर्ध्या वेळेत होतं?

काम करून घेणाऱ्यांना एक सल्ला नेहमी ऐकायला मिळतो: “काम मिळालेल्या वेळेइतकं फुगतं, हा नियमच आहे. महिना दिलात तर महिना लागेल, पंधरा दिवस दिलेत तर पंधरा दिवसांत होईल. लोक आळशी असतात. म्हणून मुदत नेहमी अर्धी करा.”

आधी तो ‘नियम’. ब्रिटिश इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी हे वाक्य 1955 साली ‘द इकॉनॉमिस्ट’मधल्या एका उपरोधिक लेखात लिहिलं. तिथे रोख होता सरकारी खात्यांतली माणसं वाढत जाण्यावर, मग काम वाढो की घटो. त्यात मुदत अर्धी करण्याचा सल्ला कुठेही नाही. तरी निरीक्षण खोटं नाही. कामं तारखेलाच संपतात, हे ज्याने चार माणसांकडून काम करून घेतलंय त्याला ठाऊक असतं.

आता आळस. एक माहितीपुस्तिका घ्या: मसुदा, संपादन, मांडणी, प्रूफ. चार माणसं, एकामागून एक. समजा, प्रत्येक काम कधी 8 दिवसांत होतं, कधी 12, आणि दोन्हींची शक्यता सारखीच. सरासरी 10, म्हणून प्रत्येकाला काम हाती आल्यापासून 10 दिवसांची तारीख दिली. एकूण 40.

मसुदा आठव्या दिवशी तयार झाला. पुढे? लिहिणाऱ्याने तो लगेच पाठवला, तर पुढच्या खेपेला ऐकावं लागतं, “मागे आठ दिवसांत झालं होतं ना?” शिवाय संपादक दहाव्या तारखेपर्यंत दुसऱ्या कामात अडकलेली आहे, मग घाई कुणासाठी? म्हणून एक परिच्छेद पुन्हा लिहिला जातो, शीर्षकं बदलली जातात आणि फाइल दहाव्या दिवशी पुढे जाते. वाचलेले दोन दिवस कुणाच्याच हाती लागत नाहीत. उलट मसुद्याला 12 दिवस लागले, तर तो उशीर मात्र संपादकाच्या माथी येतोच.

म्हणजे लवकर झालेलं काम अडून राहतं आणि उशीर तेवढा पुढे सरकतो. प्रत्येक कामाला आता 10 किंवा 12 दिवस लागतात, सरासरी 11, चारांचे 44. पुस्तिका 40 दिवसांत हवी, तर चारही कामं लवकर व्हायला हवीत. तसं सोळांत एकदाच घडेल. अंदाज बरोबर, माणसं कामसू, तरी बहुतेक वेळा उशीर.

‘अर्धी करा’ म्हणणाऱ्यांना एक गोष्ट मान्य करायला हवी. हातात ऐसपैस वेळ असला की माणूस सुरुवातच उशिरा करतो. 12 दिवस मिळाले की चार दिवस इतर कामांत जातात, आणि नेमकं तेच काम 12 दिवसांचं निघालं तर सोळावा दिवस उजाडतो. त्यामुळे प्रत्येक कामात दडवलेली सवड काढून घेणं रास्त आहे. पण तारीख 5 दिवसांची केल्याने 8 किंवा 12 दिवसांचं काम पाचात बसत नाही. दर वेळी तारीख चुकते, मग तारखेकडे कुणी बघत नाही. आणि मुदत कापलीच जाणार हे कळलं की अंदाज विचारल्यावर लोक 10 ऐवजी 20 सांगायला लागतात. ते अर्धे केले की पुन्हा 10. फक्त आता खरा आकडा कुणालाच माहीत नसतो.

मग करायचं काय? व्यवस्थापनतज्ज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी 1990च्या दशकात मांडलेली पद्धत इथे उपयोगी पडते. प्रत्येक कामाला 10 दिवस धरा, पण ती कुणाला बांधणारी तारीख नव्हे, अंदाज. राखीव दिवस वाटून न देता सगळ्यांचे मिळून शेवटी ठेवा, समजा चार. बाहेर वचन 44 दिवसांचं. काम झालं की त्याच दिवशी पुढे द्यायचं. तसं खरंच झालं, तर चारही कामं रेंगाळली तरच पुस्तिका 44 च्या पुढे जाते, म्हणजे सोळांत एकदा. प्रत्येकाला स्वतंत्रपणे सुरक्षित 12 दिवस दिले असते, तर वचन 48 चं झालं असतं आणि काम बहुधा 48 व्या दिवशीच हाती आलं असतं.

पण हे फक्त तक्ता बदलून होत नाही. मसुदा संपत आला की लिहिणाऱ्याने संपादकाला दोन दिवस आधी कळवायचं आणि तिने हातातलं काम आवरून मोकळं राहायचं. विचारणा करताना “किती टक्के झालं?” हा प्रश्न टाळा, नव्वद टक्क्यांवर कामं आठवडाभर बसतात. “अजून किती दिवस?” विचारा आणि शेवटच्या चार राखीव दिवसांतले किती खर्च झाले ते बघा. संपादन संपेपर्यंत तीन गेले असतील, तर मदत आत्ताच पाठवायला हवी.

एकच माणूस एकाच वेळी पाच कामं करत असेल, तर मात्र यातलं काहीच चालणार नाही. तिथे आधी कामं कमी करावी लागतात.